सोनेतारण कर्ज : सही करण्याआधी करारातील या अटी वाचा

घरात अचानक पैशांची गरज पडली की नजर आधी कपाटातल्या डब्याकडे जाते. मुलीची फी, कुणाचं ऑपरेशन, दुकानात माल भरायचा असेल किंवा पेरणीची वेळ आलेली असेल, तेव्हा दागिने गहाण ठेवणं हा सर्वांत झटपट मार्ग असतो. पगाराची स्लिप लागत नाही, जामीनदार शोधावा लागत नाही आणि अर्ध्या तासात पैसे खात्यात येतात. या घाईतच सहा-सात पानांच्या करारावर, फुली मारलेल्या प्रत्येक जागी, सह्या होऊन जातात. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, ‘‘ताई, फक्त एक टक्का व्याज आहे.’’ तेवढं एकच वाक्य लक्षात ठेवून आपण घरी येतो.

दागिने परत मिळणार की लिलावात जाणार, हे मात्र त्या वाक्यावर नाही, करारातल्या तीन गोष्टींवर ठरतं. व्याज कोणत्या दिवसापासून व कोणत्या दराने मोजणार, उशीर झाला तर दंड कसा लावणार आणि लिलावापूर्वी तुम्हाला कधी व कुठे कळवणार.

एका उदाहरणातूनच हे समजून घेऊ. समजा, इंदूरच्या वंदनाताईंना मुलीच्या फीसाठी दीड लाख रुपये हवे आहेत. त्यांच्याकडे पाटल्या आणि एक हार मिळून ३२ ग्रॅमचे दागिने आहेत. हारातले खडे आणि लाख यांचे २ ग्रॅम वजा केले तर २२ कॅरेटचं निव्वळ सोनं ३० ग्रॅम भरतं. हिशेब सोपा व्हावा म्हणून भाव ग्रॅमला ९,००० रुपये धरू. म्हणजे दागिन्यांचं मूल्य झालं २,७०,००० रुपये. वंदनाताईंनी एका वित्त कंपनीकडून १,५०,००० रुपये, एका वर्षाच्या मुदतीने घेतले.

‘एक टक्का’ म्हणजे नेमकं काय?

काउंटरवर सांगितलेला महिना १ टक्का म्हणजे वर्षाला १२ टक्के. पण करारात बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं नसतं. अनेक वित्त कंपन्यांच्या योजनांमध्ये व्याजाचे टप्पे असतात. उदाहरणार्थ, ३० दिवसांच्या आत व्याज भरलं तर १२ टक्के, ३१ ते ६० दिवसांत भरलं तर १५ टक्के, ६१ ते ९० दिवसांत १८ टक्के आणि ९० दिवसांनंतर २४ टक्के. काही ठिकाणी हेच उलट्या भाषेत लिहिलेलं असतं. व्याजदर २४ टक्के, मात्र वेळेत भरल्यास इतकी ‘सवलत’. वाचायला गोड वाटतं, पण कराराचा खरा दर २४ टक्केच असतो, १२ टक्के ही बक्षिसी असते.

आता वंदनाताईंचं पाहा. पहिले तीन महिने त्यांना व्याज भरायला जमलं नाही. शंभराव्या दिवशी त्या पैसे घेऊन शाखेत गेल्या. घरी त्यांनी मांडलेला हिशेब असा होता : पहिले ३० दिवस १२ टक्क्यांनी, पुढचे ३० दिवस १५ टक्क्यांनी, त्यापुढचे ३० दिवस १८ टक्क्यांनी आणि शेवटचे १० दिवस २४ टक्क्यांनी. एकूण सुमारे ६,५३४ रुपये. शाखेत मात्र ९,८६३ रुपये मागितले गेले.

इथे बेरीज चुकलेली नाही. अशा योजनांमध्ये पुढचा टप्पा लागला की तो दर फक्त पुढच्या दिवसांना लागत नाही, तो मागे जाऊन पहिल्या दिवसापासून लागतो. शंभरच्या शंभर दिवसांना २४ टक्के. त्याच वंदनाताईंनी दर महिन्याला वेळेत व्याज भरलं असतं तर शंभर दिवसांचे ४,९३२ रुपये झाले असते, म्हणजे बरोबर निम्मे.

यात एक दिवस किती महागात पडतो, तेही बघण्यासारखं आहे. नव्वदाव्या दिवशी त्या गेल्या असत्या तर १८ टक्क्यांनी ६,६५८ रुपये लागले असते. एक्क्याण्णवाव्या दिवशी तीच रक्कम ८,९७५ रुपये होते. एका रात्रीत सुमारे २,३०० रुपये! म्हणून टप्प्याची योजना घेतली असेल, तर पुढच्या टप्प्याची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि दोन-तीन दिवस आधीच भरणा करा. रविवार किंवा सुट्टी आली तर काय, हेही विचारून ठेवा.

बऱ्याच योजनांत त्या दिवसापर्यंतचं पूर्ण व्याज भरलं की टप्प्यांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. अर्धवट व्याज भरलं तर मात्र ती सुरू होईलच असं नाही. दोन हजार रुपये भरून पावती घेतली म्हणून निश्चिंत झालेल्या माणसाचा टप्पा पुढे सरकतच राहतो. तेव्हा भरणा करताना ‘आज किती भरले म्हणजे व्याज शून्य होईल?’ हाच प्रश्न विचारा, ‘आज किती भरू?’ हा नाही.

व्याजावर व्याज हा पुढचा मुद्दा. न भरलेलं व्याज दरमहा मुद्दलात मिळवायचं, अशी अट करारात असेल तर २४ टक्के हे २४ टक्के राहत नाहीत. वंदनाताईंनी वर्षभर काहीच भरलं नाही असं धरलं, तर सरळव्याजाने त्यांचं देणं १,८६,००० रुपये होतं. दरमहा चक्रवाढ असेल तर तेच १,९०,२३६ रुपये होतं. करारात ‘मासिक चक्रवाढ’, ‘मासिक अंतराने’ किंवा ‘थकीत व्याज मुद्दलात जमा करण्यात येईल’ असे शब्द दिसले की समजावं, इथे व्याजावर व्याज आहे.

याशिवाय व्याज मोजण्याच्या काही पद्धती सरळसरळ गैर आहेत. हे फक्त आपलं मत नाही. रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात त्यांची नावं घेऊन त्या बंद करायला सांगितल्या आहेत. पैसे हातात येण्याआधीच, म्हणजे मंजुरीच्या किंवा करारावर सही झाल्याच्या तारखेपासून व्याज लावणं ही त्यातली एक. दुसरी म्हणजे महिन्यातले दोनच दिवस कर्ज असताना पूर्ण महिन्याचं व्याज घेणं. वंदनाताईंनी बत्तिसाव्या दिवशी कर्ज फेडलं आणि त्यांना दोन महिन्यांचे ३,००० रुपये लावले, तर १२ टक्क्यांनी ३२ दिवसांचे खरे व्याज १,५७८ रुपयेच होतं हे दाखवून देता येतं. तिसरी पद्धत म्हणजे एक किंवा जास्त हप्ते आधीच कापून घ्यायचे आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर मोजायचं. अशी कपात दिसली तर ‘खात्यात आलेल्या रकमेवरच व्याज लावा’ असं लेखी सांगा.

तो एक तक्ता मागून घ्या

ऑक्टोबर २०२४ पासून नवीन किरकोळ कर्ज देताना बँका आणि वित्त कंपन्यांना ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ द्यावं लागतं. सोप्या भाषेत, कर्जाच्या सगळ्या आकड्यांचा एक तक्ता. तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा आणि त्यातला मजकूर समजला अशी कबुली तुमच्याकडून घ्यायला हवी. त्यात व्याजदर, सगळी शुल्कं आणि ती धरून येणारा वार्षिक खर्चाचा दर म्हणजे ‘एपीआर’ दिलेला असतो. या तक्त्यात नसलेलं शुल्क नंतर मधेच लावायचं असेल तर तुमची स्पष्ट संमती घ्यावी लागते.

मला विचाराल तर सहा पानी करारापेक्षा हा तक्ता आधी वाचावा. एपीआरच्या आकड्यावर बोट ठेवून विचारा, हा आकडा कोणत्या टप्प्याचा आहे? वेळेत भरणाऱ्याचा की उशिरा भरणाऱ्याचा? उशिराचा असेल तर तोही कागदावर लिहून द्या. मग त्या तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघांना तरी पाठवून ठेवा. पुढे वाद झाला तर हाच कागद कामाला येतो.

दागिन्यांच्या पावतीलाही तेवढंच महत्त्व आहे. नुसतं ‘हार १, पाटल्या २’ लिहिलेली पावती पुरेशी नाही. टंच तुमच्यासमोर काढला गेला पाहिजे. एकूण वजन, खडे, लाख, दोरा यांची वजावट, निव्वळ सोन्याचं वजन, कॅरेट आणि ठरवलेलं मूल्य हे सगळं कागदावर पाहिजे. वजावट किती केली, याची विचारणा बहुतेक जण करतच नाहीत. ३२ ग्रॅमच्या दागिन्यांत २ ऐवजी ४ ग्रॅम वजा झाले, तर आपल्या उदाहरणात १८,००० रुपयांचं सोनं कागदावरून गायब होतं आणि लिलावाच्या वेळी हाच कागद आधार ठरतो.

दंड : नाव बदललं की नियम बदलतो?

पूर्वी उशीर झाला की व्याजदरातच दोन-तीन टक्के वाढवून ‘दंडव्याज’ घेतलं जाई. मग त्या वाढलेल्या व्याजावर पुन्हा व्याज. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला याला चाप लावला. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना आणि त्यानंतर काही महिन्यांत जुन्या कर्जांनाही हा नियम लागू झाला. दंड घ्यायचा तर ‘दंडात्मक शुल्क’ म्हणून वेगळा घ्यावा, तो व्याजदरात मिळवू नये आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज लावू नये, असं त्यात सांगितलं आहे. शुल्क वाजवी आणि झालेल्या चुकीच्या प्रमाणात हवं आणि करारात व तक्त्यात ते आधीच छापलेलं हवं.

वंदनाताईंच्या बाबतीत हे असं दिसेल. त्यांचं थकलेलं व्याज आहे ९,८६३ रुपये. कर्जाची मुदत संपलेली नाही, म्हणजे मुद्दल अजून थकीत नाही. अशा वेळी कंपनीने महिना २ टक्के दंड पूर्ण दीड लाखावर लावला तर तो महिन्याला ३,००० रुपये होतो. थकलेल्या रकमेवर लावला तर १९७ रुपये. दर तोच, पण तो कशावर मोजला यावर पंधरापट फरक. पहिला हिशेब चुकीच्या प्रमाणात आहे का, असा प्रश्न लेखी विचारायला इथे पूर्ण जागा आहे. दंडाच्या कलमात टक्केवारीच्या पुढे ‘थकीत रकमेवर’ हे शब्द आहेत की ‘येणे असलेल्या एकूण रकमेवर’, ते नीट बघा.

दंडात्मक शुल्कावर जीएसटी लावला असेल तर तोही काढायला सांगा. बँका आणि वित्त कंपन्या घेत असलेल्या दंडात्मक शुल्कावर जीएसटी लागत नाही, असा खुलासा जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२४ च्या बैठकीनंतर केला आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. टप्प्यांच्या योजनेत १२ वरून २४ टक्क्यांवर जाणारा दर हा प्रत्यक्षात दंडासारखाच बोचतो, पण करारात त्याला व्याज म्हटलेलं असतं. म्हणून केवळ दंडाच्या नियमावर बोट ठेवून तो माफ होईल अशी आशा धरू नये. त्याचा बंदोबस्त सहीच्या आधीच करावा लागतो. एकच सरळ दर असलेली योजना मागावी. वेळेत भरता येईल याची खात्री नसेल, तर सरळ १४ टक्के हा दर ‘१२ टक्क्यांपासून पुढे’ या दरापेक्षा स्वस्त पडतो.

करारात आणखी एक ओळ शोधा. तुम्ही दुसऱ्या कुणाच्या कर्जाला जामीन असाल किंवा त्याच कंपनीचं दुसरं कर्ज असेल, तर त्या थकबाकीसाठीही हे दागिने अडवून ठेवता येतील, अशी अट अनेक ठिकाणी छापलेली असते. भारतीय करार कायद्यानुसार, तसं ठरलेलं नसेल तर एका कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू दुसऱ्या कर्जासाठी अडवता येत नाही. पण तुम्ही सही करून तसं ठरवून दिलंत, तर तो बचाव हातचा जातो.

लिलावाची नोटीस

दागिने गेलेल्या घरांमधून एक वाक्य नेहमी ऐकू येतं, ‘‘आम्हाला काही कळलंच नाही.’’ कधी नोटीस खरोखरच पाठवलेली नसते, पण अनेकदा ती जुन्या भाड्याच्या घरी गेलेली असते. करारात ‘दिलेल्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस मिळाली असे समजण्यात येईल’ अशी ओळ असते आणि तिथेच घोटाळा होतो. घर बदललं किंवा मोबाइल नंबर बदलला, की शाखेत लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या. नुसतं तोंडी सांगितलेलं नोंदलं जात नाही. पती परगावी असतील आणि कर्ज त्यांच्या नावावर असेल, तर घरातल्या दुसऱ्या कुणाचा नंबरही द्यावा.

रिझर्व्ह बँकेने सोने-चांदी तारण कर्जांसाठी जून २०२५ मध्ये नवी नियमावली काढली आणि ती अमलात आणायला १ एप्रिल २०२६ ही शेवटची मुदत दिली. त्याआधीच्या कर्जांना जुने नियम चालू राहतात, म्हणून आपल्या कर्जाची तारीख पाहावी. नव्या नियमांनुसार कोणत्या परिस्थितीत लिलाव होईल, त्यापूर्वी फेडीसाठी किती दिवसांची नोटीस मिळेल आणि लिलावाची पद्धत काय, हे करारातच लिहिलेलं असलं पाहिजे. कर्जदाराला, आणि तो हयात नसेल तर त्याच्या वारसाला, पुरेशी नोटीस द्यायला हवी. प्रयत्न करूनही कर्जदार सापडला नाही, तर जाहीर नोटीस देऊन एक महिना थांबावं लागतं. लिलावाची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत यायला हवी, एक प्रादेशिक भाषेतलं आणि एक राष्ट्रीय. कर्ज देणारी संस्था आणि तिच्याशी संबंधित लोक त्या लिलावात बोली लावू शकत नाहीत.

मुदत संपल्यावरच लिलाव होतो, असंही धरून चालू नका. सोन्याचा भाव बराच खाली आला आणि देणं व दागिन्यांचं मूल्य यांतलं अंतर कमी झालं, तर काही रक्कम लगेच भरा किंवा आणखी सोनं ठेवा, अशी मागणी करारानुसार येऊ शकते. ती दुर्लक्षित राहिली तर मुदतीआधीच लिलावाची वेळ येते. सोन्याच्या मूल्याच्या अगदी काठापर्यंत कर्ज घेणाऱ्याला हा धोका सर्वांत जास्त. वंदनाताईंनी २,७०,००० च्या सोन्यावर दीड लाखच घेतले, हा त्यांचा निर्णय इथे त्यांना सांभाळून घेतो.

नोटीस हातात आली म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. सर्वांत मोलाची माहिती इथेच आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १७६ नुसार गहाण ठेवून घेणाऱ्याला वाजवी नोटीस दिल्याशिवाय वस्तू विकता येत नाही. कलम १७७ त्याच्याही पुढे जातं. ठरलेली मुदत टळून गेली असली, तरी प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत कर्जदाराला देणं आणि उशिरामुळे झालेला खर्च देऊन आपली वस्तू सोडवता येते. म्हणजे लिलावाची तारीख उद्या असेल, तरी आज पैसे भरून दागिने सोडवण्याचा हक्क तुमचाच आहे. ‘आता यादी गेली, काही करता येणार नाही’ हे उत्तर मान्य करू नका.

त्या वेळी काय करावं? शाखेत जाऊन आजच्या तारखेला कर्ज बंद करण्याची रक्कम लेखी मागा, मुद्दल, व्याज, दंड आणि नोटिशीचा खर्च वेगवेगळा दाखवून. पूर्ण रक्कम नसेल तर थकलेलं व्याज भरून लिलाव थांबवाल का, असा अर्ज द्या आणि पोच घ्या. एखाद्या आकड्यावर वाद असेल, तर दागिने जाऊ देण्यापेक्षा ‘हरकत कायम ठेवून भरणा करत आहे’ असं लिहून पैसे भरावेत आणि भांडण नंतर करावं. परत मागायचे असतील तर पैसे मागता येतात, आजीच्या पाटल्या मात्र एकदा वितळल्या की परत येत नाहीत.

लिलाव झालाच तर पुढे?

वंदनाताईंनी वर्षभर काहीच भरलं नाही असं पुन्हा धरू. चक्रवाढीने देणं १,९०,२३६ रुपये. सोन्याचं चालू मूल्य तेच, २,७०,००० रुपये. नव्या नियमांत लिलावाची राखीव किंमत चालू मूल्याच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही, म्हणजे इथे २,४३,००० रुपये. दोनदा लिलाव फसला तरच ती ८५ टक्क्यांपर्यंत खाली येते. समजा, दागिने २,५०,००० रुपयांना गेले आणि जाहिरात व लिलावाचा खर्च १,५०० रुपये झाला. देणं आणि खर्च वजा जाता ५८,२६४ रुपये उरतात. हे पैसे कंपनीचे नाहीत, वंदनाताईंचे आहेत.

लिलावाची पूर्ण रक्कम जमा झाल्यापासून सात कामाच्या दिवसांत हे पैसे परत द्यायचे असतात आणि किती किमतीला विक्री झाली, त्यातून काय काय वजा केलं, याचा तपशीलही द्यायचा असतो. दागिने गेल्याच्या दुःखात लोक शाखेत फिरकतच नाहीत, आणि उरलेले पैसे तिथेच राहून जातात. लिलाव झाला असेल तर तपशील लेखी मागा. जुन्या कर्जाच्या बाबतीतही कलम १७६ नुसार वरची रक्कम कर्जदाराचीच असते. याची दुसरी बाजू अशी, की विक्रीची रक्कम कमी पडली तर उरलेलं देणं कर्जदाराकडून वसूल करता येतं.

पूर्ण फेड केल्यावर दागिने देण्यात टाळाटाळ झाली तर? नव्या नियमांनुसार ते त्याच दिवशी, आणि जास्तीत जास्त सात कामाच्या दिवसांत परत करायचे असतात. संस्थेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. घेताना पाकीट शाखेतच उघडा, वजन करा आणि पावतीशी ताडून मगच सही करा.

सावकाराकडे ठेवलं असेल तर

वर सांगितलेले रिझर्व्ह बँकेचे नियम बँका आणि तिच्याकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांसाठी आहेत. गावातला सावकार, गहाणवट करणारा सराफ हे राज्याच्या कायद्याखाली येतात. या दोन दारांची सरमिसळ करू नये. वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये केरळच्या प्रकरणात दिला आहे. पतसंस्था या दोन्हींत बसत नाहीत, त्यांच्यावर सहकार खात्याची देखरेख असते.

महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं हा गुन्हा आहे आणि परवानाधारकालाही मनाला येईल ते व्याज घेता येत नाही. २०१४ च्या अधिसूचनेनुसार तारण ठेवून घेतलेल्या कर्जाला शेतकऱ्यांसाठी वर्षाला ९ टक्के आणि इतरांसाठी १५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. विनातारण कर्जाला ती अनुक्रमे १२ आणि १८ टक्के आहे. गावातली भाषा ‘शेकडा तीन’ची असते. ती महिन्याची असते, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. परभणीच्या एखाद्या शेतकऱ्याने बायकोची पोत ठेवून ५०,००० रुपये घेतले, तर कायद्याने वर्षाचं व्याज ४,५०० रुपये होतं. शेकडा तीनने ते १८,००० रुपये होतं. शिवाय तीन महिन्यांचं व्याज आधीच कापून हातात ४५,५०० रुपयेच ठेवले जातात आणि चिठ्ठीवर मात्र ५०,००० लिहिलेले असतात.

इथे करार म्हणजे बरेचदा एक चिठ्ठी असते, आणि तिच्यावर ‘अमुक तारखेपर्यंत न सोडवल्यास माल आमचा’ असं लिहिलेलं असतं. गहाणात मालकी कर्जदाराचीच राहते. गहाण घेणाऱ्याला विकण्याचा हक्क आहे, तोही नोटीस देऊन. तारीख टळली म्हणून दागिना आपोआप त्याचा होत नाही. काही सावकार दागिना परत करायचं नाव काढत नाहीत आणि वर पैशांसाठी दावाही लावतात. सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच एका खटल्यात सांगितलं आहे की कर्जाची वसुली मागणाऱ्याने गहाण वस्तू परत द्यायला तयार असलं पाहिजे. वस्तूही ठेवायची आणि पैसेही घ्यायचे, असं चालत नाही.

म्हणून परवाना क्रमांक पाहा, कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्पवर सही करू नका, हातात मिळालेलीच रक्कम चिठ्ठीवर लिहून घ्या आणि प्रत्येक भरण्याची पावती मागा. पावती देत नसेल तर पैसे ऑनलाइन किंवा चेकने द्या, म्हणजे बँकेत नोंद राहते. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक किंवा जिल्ह्याच्या उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. महाराष्ट्राबाहेर राहत असाल तर त्या राज्याचा कायदा लागू होतो. गुजरातचा २०११ चा सावकारी कायदा आहे, कर्नाटकात सावकार आणि गहाणवटदार यांच्यासाठी १९६१ चे दोन वेगळे कायदे आहेत. व्याजाची मर्यादा राज्यागणिक वेगळी असते.

बँक किंवा वित्त कंपनीची तक्रार मात्र आधी तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी लागते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनाशुल्क तक्रार नोंदवता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. सोबत तक्ता, दागिन्यांची पावती, भरण्याच्या पावत्या आणि नोटिशीची प्रत जोडावी. लिलावाची तारीख जवळ असेल तर ३० दिवस थांबण्यात अर्थ नसतो. अशा वेळी वकिलामार्फत ग्राहक आयोगाकडे किंवा दिवाणी न्यायालयात लिलावाला तात्पुरती स्थगिती मागावी लागते आणि त्यासाठीही हेच कागद लागतात.